हवेच्या दोन कणांची भेट कुणी ठरवली? विज्ञानाची पुस्तके लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या मंडळींना खुले पत्र

शालेय विज्ञानाची पुस्तके, मार्गदर्शके, प्रश्नपेढ्या आणि विज्ञान केंद्रांतले फलक लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

विमान हवेत कसे तरंगते, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे. पंखाचा वरचा पृष्ठभाग फुगीर, खालचा सपाट. पुढच्या कडेपाशी हवा दुभंगते. वरून जाणाऱ्या हवेला लांबचा पल्ला, खालून जाणारीला जवळचा. दोघींना मागच्या कडेला ‘एकाच वेळी’ पोहोचायचे असते, म्हणून वरची हवा वेगाने धावते. वेग जास्त तिथे दाब कमी, हा बर्नोलीचा नियम. म्हणून पंख वर उचलला जातो. दोन गुण.

हे उत्तर चूक आहे. ते अपुरे किंवा सोपे करून सांगितलेले असते, तर हे पत्र लिहायचे कारण नव्हते. पण त्याच्या मधोमध बसलेले ‘एकाच वेळी’ हे दोन शब्द निव्वळ खोटे आहेत, आणि हे वायुगतिकीच्या अभ्यासकांना नव्याने कळलेले नाही. तरी आवृत्ती बदलते, मुखपृष्ठ बदलते, आकृतीला नवे रंग येतात, आणि ते दोन शब्द तिथेच राहतात. आम्ही हवाई अभियांत्रिकी शिकवणारी माणसे आहोत. शाळेत पाठ झालेले हे वाक्य पुसण्यात आमच्या पहिल्या सत्राचा चांगला वेळ जातो, एवढाच आमचा यातला संबंध. पण ज्या मुलांचे विज्ञान शाळेतच थांबते त्यांचे ते पुसले जातच नाही. म्हणून हे जाहीरपणे लिहीत आहोत.

पहिली तक्रार त्या भेटीबद्दलच आहे. पुढच्या कडेला वेगळे झालेले हवेचे दोन कण मागच्या कडेला पुन्हा भेटलेच पाहिजेत, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. वस्तुमान टिकते, ऊर्जा टिकते, संवेग टिकतो. सोबत टिकलीच पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. केंब्रिजचे होल्गर बाबिन्स्की यांनी वातबोगद्यात धुराचे थांबून थांबून झोत सोडून हे चित्रित करून दाखवले आहे. धुराची उभी रेघ पंखावर येते, दुभंगते, आणि वरचा तुकडा खालच्याच्या बराच आधी मागच्या कडेबाहेर पडतो. पुढेही ते तुकडे जुळत नाहीत. म्हणजे वरची हवा तुम्ही म्हणता त्याहूनही वेगाने जाते. गंमत अशी, की तुमचे स्पष्टीकरण उचल वाढवून सांगत नाही, फारच कमी सांगते. किती कमी, ते मोजून पाहू.

उदाहरणाला सेसना १७२ घेऊ. चार आसनांचे, पंख वर असलेले हे छोटे विमान उड्डाण शिकवणाऱ्या संस्थांच्या मैदानावर हमखास दिसते. त्याच्या एका प्रचलित आवृत्तीचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन १,१११ किलो, पंखांचे क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर, पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार ११ मीटर. पंखाच्या छेदाला नाका २४१२ हे नाव आहे. वजनाला क्षेत्रफळाने भागले की पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ६७३ न्यूटन भार येतो. म्हणजे खालचा आणि वरचा दाब यांत सरासरी ६७३ पास्कलचा फरक हवा. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या आसपास असतो, त्याच्या एक टक्काही हा फरक नाही. विमान उडायला दाबाचा फरक किती थोडा पुरतो, हे पुस्तकात सांगितले तर मुलांना नक्की आवडेल. असो.

आता तुमच्या रीतीने चालू. या छेदाचा वरचा पृष्ठभाग खालच्यापेक्षा जेमतेम दीड टक्का लांब भरतो. उदारपणे दोन टक्के धरू. विमान १२० नॉट, म्हणजे सेकंदाला ६२ मीटर वेगाने जात आहे. ‘एकाच वेळी’ हा नियम मानला तर वरची हवा खालच्या हवेपेक्षा दोन टक्के जोरात जाईल. दाबातला फरक असा:

दाबफरक = ½ × हवेची घनता × (वरचा वेग² − खालचा वेग²)

समुद्रसपाटीची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर धरली तर उत्तर येते ९५ पास्कल. हवे होते ६७३. म्हणजे १,१११ किलोच्या विमानापैकी जेमतेम १५७ किलो हवेत राहतील, बाकीचे विमान खाली.

धावपट्टीवर तर हाल विचारूच नका. हे विमान साधारण ५५ नॉटला, म्हणजे सेकंदाला २८ मीटर वेगाला नाक उचलते. त्या वेगाला तुमच्या सूत्राने एकूण उचल ३२ किलोची. चौथी-पाचवीतले एखादे मूल उचलले जाईल, वैमानिक नाही.

उलट बाजूने विचारा: त्या वेगाला पूर्ण वजन उचलायचे, तर वरचा पल्ला खालच्यापेक्षा किती लांब हवा? हिशोब सांगतो, सुमारे ५५ टक्के. खाली सपाट आणि वर अर्धवर्तुळ असेल, तर वरची लांबी खालच्याच्या ५७ टक्के जास्त भरते. म्हणजे तुमच्या नियमाने उडणाऱ्या सेसनाचा पंख उभ्या चिरलेल्या पिंपासारखा दिसला पाहिजे. दीड मीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच. असे विमान कुणी पाहिले असेल तर आम्हाला कळवावे.

तेच विमान प्रत्यक्षात काय करते तेही पाहू, कारण याच आकड्यांतून खरे उत्तर निघते. पंखाची सरासरी रुंदी, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचे अंतर, १.४७ मीटर आहे. ६२ मीटर वेगाला ६७३ पास्कलचा फरक हवा, तर वरच्या आणि खालच्या हवेच्या सरासरी वेगांत सेकंदाला सुमारे ८.९ मीटरचा फरक लागतो. स्थूलमानाने वर ६६.४, खाली ५७.५. वरची हवा पंख ओलांडायला साधारण २२ सहस्रांश सेकंद घेते, खालची साधारण साडेपंचवीस. वरचा कण मागच्या कडेबाहेर पडतो तेव्हा खालचा त्याचा जोडीदार सुमारे २० सेंटिमीटर मागे असतो. वीतभर. हा अंदाज पातळ पंखाच्या सोप्या सिद्धांताचा आहे. खऱ्या पंखाची जाडी धरली तर आकडे थोडे हलतील, पण कोण पुढे आणि कोण मागे, हे बदलणार नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वरच्या हिशोबात आम्ही बर्नोलीचाच नियम वापरला. बर्नोली चुकलेला नाही. वेगांतला फरक माहीत असेल तर दाबातला फरक तो बरोबर देतो. त्याच्या आधी जोडलेली लांबच्या पल्ल्याची गोष्ट तेवढी खोटी आहे. ‘बर्नोली चूक, न्यूटन बरोबर’ अशी भांडणे लावणारे लेख अलीकडे बरेच दिसतात, त्यांचीही आम्हाला तितकीच चीड येते.

दुसरी तक्रार: तुमचे स्पष्टीकरण मुलांच्या रोजच्या पाहण्यातल्या गोष्टींशी भांडते, आणि पुस्तक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. संक्रांतीला येवल्याच्या गच्च्यांवरून चढणारा पतंग एका कागदाचा असतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूची लांबी एकच, तरी तो मांजा ताणून वर जातो. डोक्यावरच्या पंख्याचे पाते वाकवलेल्या पत्र्याचे असते, दोन्ही बाजू सारख्याच लांब. ते हवा खाली फेकते आणि स्वतः वर ढकलले जाते. शिडाच्या होडीचे शीड कापडाचे असते. राइट बंधूंच्या १९०३च्या विमानाचे पंख कापडाने मढवलेले, पातळ आणि किंचित बाकदार होते. हवाई कसरतींच्या विमानांना अनेकदा वर-खाली अगदी सारखा छेद देतात. तिथे पल्ल्यातला फरक शून्य, म्हणजे तुमच्या सूत्राने उचलही शून्य. आणि विमान उलटे उडते तेव्हा? सूर्यकिरण पथकाचे वैमानिक पाठीवर पडल्यासारखे उडतात, तेव्हा फुगीर बाजू खाली असते. तुमच्या आकृतीप्रमाणे त्यांनी जमिनीकडे खेचले जायला हवे. प्रत्यक्षात त्यांना नाक क्षितिजाच्या मानाने थोडे जास्त वर धरावे लागते. नाका २४१२ सारख्या छेदाला हा फरक साधारण चार अंशांचा.

याच चार अंशांत मुद्दा दडलेला आहे. तुमच्या आकृतीत पंखाचा कोनच नसतो.

ही तिसरी तक्रार, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर. येणाऱ्या हवेशी पंख किती तिरका आहे, त्या कोनाला वैमानिक अँगल ऑफ अटॅक म्हणतात. वेग तोच ठेवून हा कोन वाढवला की उचल वाढते, जवळपास सरळ रेषेत. मग साधारण १५-१६ अंशांपाशी वरची हवा पंखाला धरून वळू शकत नाही, पृष्ठभागापासून सुटते, आणि उचल ढासळते. यालाच स्टॉल म्हणतात. या सगळ्यात पंखाच्या वरच्या आणि खालच्या बाजूची लांबी एका मिलिमीटरनेही बदललेली नसते. पल्ल्याच्या लांबीवर उभ्या असलेल्या सिद्धांताकडे स्टॉलला जागाच नाही. आणि स्टॉल समजला नाही, तर विमान खाली जाऊ लागले म्हणून नाक आणखी वर खेचावे, ही माणसाची सहज पण घातक ऊर्मी चूक का, तेही समजत नाही. स्टॉलमधून बाहेर यायला नाक खाली करावे लागते, कारण कोन कमी करायचा असतो.

सेसना १७२च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटे भोक असते. त्याच्या आत नळी आणि नळीला पिपाणी. साध्या उड्डाणात या भोकासमोर हवेचा दाब जास्त असतो, पिपाणी गप्प राहते. कोन वाढत गेला की हवा दुभंगण्याची जागा नाकाखाली सरकते आणि कमी दाबाचा पट्टा भोकापर्यंत येतो. मग नळीतून हवा बाहेर ओढली जाते आणि पिपाणी वाजू लागते, स्टॉलच्या काही नॉट आधी. वीज नाही, गणकयंत्र नाही. उड्डाणाआधीच्या तपासणीत भोकावर रुमाल धरून तोंडाने हवा ओढतात आणि पिपाणी वाजते का ते पाहतात. एक भोक आणि एक पिपाणी यांना जे कळते, ते आपल्या आकृतीत नसावे?

आता खरे काय, ते थोडक्यात पण पूर्ण सांगतो. नुसते चूक दाखवून हात झटकणे आम्हालाही बरे वाटत नाही.

पातेल्यात चहा ढवळा. मध्ये खड्डा पडतो, कडेला चहा वर चढतो. गोल फिरणाऱ्या चहाला वळत ठेवायला बाहेरून आत ढकलणारे बल लागते, म्हणून बाहेर दाब जास्त आणि आत कमी. वाकड्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक प्रवाहाला हे लागू आहे: वळणाच्या आतल्या बाजूला दाब कमी. आता पंख पाहा. तो तिरका आणि बाकदार आहे. वरून जाणारी हवा सरळ निघून गेली तर पंखाच्या पाठीमागे पोकळी राहील. तशी पोकळी राहू शकत नाही, तिथला दाब उतरतो आणि हवा पाठीला धरून खाली वळते. पंखापासून खूप वर गेलो तर दाब वातावरणाइतकाच. तिथून वळणाच्या आत, म्हणजे पंखाकडे येत जाऊ तसा दाब कमी होत जातो. खालच्या बाजूलाही हवा खाली वळवली जाते, पण तिथे पंख वळणाच्या बाहेरच्या बाजूला आहे, म्हणून पंखालगतचा दाब वातावरणापेक्षा वाढतो. पंखावरची हवा पुढून या कमी दाबाच्या भागात शिरते तेव्हा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे ढकलली जाते, म्हणून तिचा वेग वाढतो. वेग वाढला म्हणून दाब उतरला, की दाब उतरला म्हणून वेग वाढला, हा वाद घालू नये. दोन्ही एकाच वेळी घडतात, आणि दोन्हींच्या मुळाशी हवेचे वळणे आहे.

आणि हवा मागच्या कडेवरून खालच्या दिशेनेच का निघते? कारण ती कड धारदार असते. हवेला थोडासा का होईना चिकटपणा असतो, त्यामुळे धारेला वळसा घालून तिला उलट वर चढता येत नाही. पंख चालू लागतो त्या क्षणी ती तसा प्रयत्न करते, पण तिची गुंडाळी होऊन एक भोवरा तयार होतो आणि तो मागे सुटतो. जे फिरणे त्या भोवऱ्यात गेले, तेवढेच उलट फिरणे पंखाभोवती उरते. वर ते येणाऱ्या वाऱ्याच्या दिशेने, म्हणून वेग वाढतो. खाली वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणून घटतो. कुट्टा यांनी १९०२मध्ये आणि झुकोव्स्की यांनी १९०६मध्ये याचे गणित मांडले. ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. ‘अजून शास्त्रज्ञांनाही पुरते माहीत नाही’ ही सबब चालणार नाही.

हिशोब संवेगाच्या बाजूनेही जुळतो. पंखांच्या विस्ताराएवढ्या व्यासाच्या वर्तुळातून जाणारी हवा पंख खाली वळवतो, असे स्थूलमानाने धरता येते. सेसनाच्या ११ मीटरला आणि ६२ मीटर वेगाला ही हवा सेकंदाला सुमारे ७,२०० किलो भरते. तिला सेकंदाला दीड मीटर एवढा खालचा वेग दिला की १,१११ किलोचे वजन पेलले जाते. सात टन हवा, प्रत्येक सेकंदाला, माणसाच्या भरभर चालीने खाली. दाबाने मोजा नाही तर संवेगाने मोजा, बल तेच येते, कारण ती दोन वेगळी बले नाहीत.

मग पंखाची पाठ फुगीर का ठेवतात, असे मुले विचारतील. विचारू द्या. सपाट फळीही उचल देते, पण तिच्या धारदार पुढच्या कडेवरून हवा लवकर सुटते. गोल नाक आणि बाकदार पाठ असेल तर हवा जास्त कोनापर्यंत पंखाला धरून राहते. शिवाय आतल्या जागेत तुळई आणि इंधन मावते. बाकामुळे नाका २४१२ शून्य अंशालाही थोडी उचल देतो. ती पूर्ण नाहीशी व्हायला पंख साधारण दोन अंश खाली झुकवावा लागतो. म्हणजे फुगीरपणा उपयोगाचा आहेच, फक्त तुम्ही सांगता त्या कारणासाठी नाही. निव्वळ फुगीरपणावर भिस्त ठेवली की काय होते, ते खुद्द आइनस्टाइन यांनी पाहिले. १९१६मध्ये त्यांनी मांजराने पाठ उंचावल्यासारखा पंख सुचवला, तो बनवून विमानाला लावलाही. चाचणी घेणाऱ्या वैमानिकाच्या मते ते विमान गाभण बदकासारखे डुलत गेले. पुढे आइनस्टाइन यांनी चूक मोकळेपणाने मान्य केली. तेव्हा आपणही करायला हरकत नसावी.

चौथी तक्रार प्रयोगाबद्दल. ओठांशी कागदाची पट्टी धरून वरून फुंकर मारायची, पट्टी उचलली जाते, ‘म्हणून वेगवान हवेचा दाब कमी’ असा निष्कर्ष काढायचा. प्रयोग खरा, निष्कर्ष खोटा. तोंडातून सुटलेल्या झोताचा दाब भोवतालच्या हवेइतकाच असतो. वेग आहे तो फुफ्फुसांनी जास्तीची ऊर्जा दिल्यामुळे. बर्नोलीचा नियम सारखी ऊर्जा असलेल्या प्रवाहाला लागतो. खोलीतली स्थिर हवा आणि तुमची फुंकर यांची त्या नियमाने तुलना करता येत नाही. पडताळा सोपा आहे. तोच कागद दोन बोटांत उभा लोंबता धरा आणि एका बाजूने, कागदाला समांतर, वरून खाली फुंकर मारा. निष्कर्ष खरा असता तर कागद झोताकडे ओढला गेला असता. तो जवळजवळ हलत नाही. पहिल्या वेळी पट्टी उचलली गेली, कारण ती वाकलेली होती आणि झोत तिच्या वाकाला धरून वळला. वळणाच्या आत दाब कमी, चहासारखाच. दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी दिले तर हाच धडा उत्तम होईल. एकच देणे ही दिशाभूल आहे.

भोवऱ्याचा प्रयोगही शाळेत होतो. मोठ्या परातीत तीन-चार सेंटिमीटर पाणी घ्या, दोन मिनिटे स्थिर होऊ द्या, वर मिरीची बारीक पूड भुरभुरा. बाद झालेले प्लॅस्टिकचे कार्ड पाण्यात उभे बुडवा, सरकवण्याच्या दिशेशी दहा अंशांच्या आसपास तिरके ठेवा आणि एकदम पण सारख्या वेगाने सरकवा, सेकंदाला वीतभर. वरून पाहताना कार्डाची धार म्हणजे पंखाचा छेद. जिथून सुरुवात केली तिथे कार्डाच्या मागच्या कडेपाशी एक भोवरा सुटून मागे राहिलेला दिसेल. कार्ड अचानक थांबवून उचलले की उलट फिरणारा दुसरा भोवरा दिसेल. पंखाभोवतीचे जे फिरणे डोळ्यांना दिसत नव्हते, ते हे. कार्ड २५-३० अंश तिरके करून पुन्हा सरकवा. आता कार्डाच्या पाठीमागे भोवऱ्यांची रांगच लागते, हा स्टॉल. प्रयोग फसतो तो बहुधा दोन कारणांनी: पाणी आधीच हललेले असते, किंवा हात थरथरतो. पूड जास्त टाकली तर पृष्ठभागावर साय धरल्यासारखी चिकटते आणि काहीच वळत नाही. चिमूटभर पुरे.

आमच्या मागण्या या.

‘हवेला मागच्या कडेला एकाच वेळी पोहोचायचे असते’ या अर्थाचे वाक्य पुढच्या छपाईत काढावे. पुढची छपाई लांब असेल तर शुद्धिपत्रक आताच काढावे. एका ओळीचे पुरेल.

त्याजागी हा किंवा अशा अर्थाचा मजकूर घ्यावा. आमची परवानगी मागायचीही गरज नाही: ‘पंख येणाऱ्या हवेशी थोडा तिरका आणि बहुधा बाकदार असतो. त्याच्या वरून आणि खालून जाणारी हवा त्याच्या आकाराप्रमाणे वळते आणि मागच्या कडेवरून खालच्या दिशेने बाहेर पडते. पंख हवेवर खाली बल लावतो, हवा पंखावर तेवढेच बल वर लावते. हे बल दाबाच्या रूपाने पोहोचते: पंखाच्या वर दाब कमी, खाली जास्त. कमी दाबाच्या भागात शिरताना हवेचा वेग वाढतो, म्हणून वरची हवा खालच्या हवेच्या आधी मागच्या कडेला पोहोचते. कोन फार वाढला तर हवा पंखापासून सुटते आणि उचल घटते.’ आठवी-नववीच्या मुलाला यातले काहीही जड नाही.

हे करताना दुसऱ्या टोकाला जाऊ नये. ‘हवेचे कण पंखाच्या पोटावर चेंडूसारखे आपटतात म्हणून पंख वर जातो’ हे पर्यायी स्पष्टीकरणही चूक आहे. त्यात पंखाची पाठ हिशोबातच येत नाही, आणि साध्या उड्डाणात उचलीचा मोठा वाटा पाठीवरच्या कमी दाबाचाच असतो.

आकृती नव्याने काढावी. तिच्यात पंख तिरका असावा, त्याच्या पुढे हवा किंचित वर चढताना आणि मागे खाली उतरताना दिसावी. आजच्या आकृत्यांत हवा जशी आडवी येते तशीच आडवी निघून जाते. पंखाने हवेचे काहीच केले नसेल, तर हवेने तरी पंखाचे का करावे? वरच्या आणि खालच्या कणांच्या खुणा काढायच्याच असतील तर वरच्या पुढे गेलेल्या दाखवाव्यात.

प्रश्नपेढीतून ‘वरच्या हवेला जास्त अंतर कापावे लागते, कारण द्या’ हा प्रश्न वगळावा. तोपर्यंत, कोणा विद्यार्थ्याने जुने उत्तर न लिहिता हवा खाली वळते असे लिहिले, तर त्याचे गुण कापू नयेत, अशी लेखी सूचना उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना द्यावी. छपाईची वाट न पाहता ही मागणी या वर्षीच पुरी करता येईल.

विज्ञान केंद्रांसाठी एकच विनंती. फलक बदलायला पैसे नसतील तर चुकीच्या वाक्यावर पांढरी पट्टी चिकटवावी, आणि शेजारी कागदाची एक पट्टी दोऱ्याने लोंबती ठेवावी. येणारी मुले दोन्ही प्रकारे फुंकर मारून पाहतील.

कुणाला वरच्या हिशोबाच्या पायऱ्या हव्या असतील, आकृतीचा कच्चा आराखडा हवा असेल, किंवा आमचा एखादा आकडा खोडून काढायचा असेल, तर आम्ही हजर आहोत.

कळावे,

आपले,
हवाई अभियांत्रिकी शिकवणारे काही जण